वळसा घेणारा रूळ नेमके काय तपासतो

प्रश्न : ट्रॉलीच्या कोड्यात ताबा सुटलेली ट्रॉली रुळावरच्या पाच जणांकडे धावत असते. खटका ओढून ती एकच माणूस असलेल्या बाजूच्या रुळावर वळवावी आणि पाच जणांना वाचवावे, असे मला लगेच वाटते, पण ती थांबवण्यासाठी पुलावरून एका माणसाला तिच्यापुढे ढकलून तेच पाच जण वाचवावेत, हे मन अजिबात मान्य करत नाही. दोन्हीकडे हिशेब पाचास एक असाच आहे. मग माझे नैतिक मत विसंगत आहे का? आणि अशा बनावट प्रसंगांतून नैतिकतेबद्दल खरोखर काही कळते का?

उत्तर :

केवळ या दोन उत्तरांवरून आपले मत विसंगत ठरत नाही. दोन प्रसंगांत नैतिकदृष्ट्या महत्त्वाचा असा एकही फरक नसताना उत्तरे वेगळी आली, तरच विसंगती सिद्ध होते. खटका आणि पूल या जोडीत मृतांची आणि वाचलेल्यांची संख्या सोडली, तर जवळजवळ प्रत्येक गोष्ट वेगळी आहे. एका ठिकाणी आधीच धावत असलेले संकट आपण दुसरीकडे वळवतो, तर दुसऱ्या ठिकाणी संकटाच्या वाटेवर नसलेल्या माणसाला त्या वाटेवर नेऊन टाकतो. एका ठिकाणी हात लोखंडी दांड्यावर असतो, दुसऱ्या ठिकाणी माणसाच्या पाठीवर. एका ठिकाणी तो एकटा माणूस तिथे नसता तर आपल्याला हायसे वाटले असते. दुसऱ्या ठिकाणी तो नसता तर पाच जण वाचलेच नसते. यांपैकी कोणत्या फरकामुळे मन मागे सरते, हे ही जोडी सांगू शकत नाही, कारण तिच्यात सगळे फरक एकदम बदललेले आहेत. म्हणून अनेक वर्षे नीतिशास्त्र शिकवताना मी ही प्रसिद्ध जोडी चर्चेला तोंड फुटावे एवढ्यापुरतीच वापरत आलो आहे. खरे काम होते ते एकच गोष्ट बदललेल्या जोड्यांवर, आणि त्यांत सर्वांत शिकण्यासारखा प्रसंग आहे तो वळसा घेणाऱ्या रुळाचा. आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्या आधारे देतो.

आधी हे कोडे कशासाठी रचले गेले ते पाहू. फिलिपा फूट यांनी 1967 साली गर्भपात आणि दुहेरी परिणामाचे तत्त्व यांवर लिहिलेल्या निबंधात ब्रेक निकामी झालेल्या ट्रामचा चालक प्रथम आणला. दुहेरी परिणामाचे तत्त्व असे सांगते की, वाईट गोष्ट हेतू म्हणून किंवा साधन म्हणून घडवून आणणे वेगळे, आणि चांगल्या कृतीचा आधीच दिसत असलेला पण हेतूत नसलेला परिणाम म्हणून ती घडू देणे वेगळे. फूट यांनी चालकाच्या शेजारी एक न्यायाधीश उभा केला, जो खवळलेल्या जमावाच्या हातून पाच जणांचे प्राण जाऊ नयेत म्हणून एका निरपराध माणसाला फाशी देऊ शकतो. चालकाने ट्राम एका माणसाच्या बाजूला वळवावी असे आपल्याला वाटते, न्यायाधीशाने मात्र तसे करू नये असे वाटते. ते का, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे आरंभापासून हे कोडे जोडीचे आहे. एकट्या प्रसंगाला ‘तुम्ही काय कराल?’ असे विचारून मिळालेले उत्तर फारसे उपयोगाचे नसते. दोन उत्तरांतला फरक आणि त्या फरकाचे कारण, हाच शोधाचा विषय आहे.

फूट यांचे स्वतःचे उत्तर असे होते की, इजा न करण्याचे कर्तव्य हे मदत करण्याच्या कर्तव्यापेक्षा अधिक कडक असते. चालकाने काहीही केले तरी मारणारा तोच ठरतो, म्हणून त्याने कमी माणसे मारावीत. न्यायाधीशापुढे मात्र एकाला मारणे किंवा पाचांना मदत न करणे असे दोन पर्याय आहेत. हे उत्तर नीटस आहे, पण जूडिथ जार्विस थॉमसन यांनी 1985 च्या लेखात चालकाच्या जागी खटक्याजवळ सहज उभा असलेला एक त्रयस्थ माणूस आणला आणि ते अडखळले. हा त्रयस्थ माणूस काहीच न करता उभा राहिला, तर तो कोणालाही मारत नाही, फक्त मदत करत नाही. तरीही बहुतेकांना वाटते की त्याने खटका ओढला तर ते गैर नाही. म्हणजे फूट यांचा नियम आपल्या मनाचा कौल पुरता उलगडत नव्हता. मग पुन्हा दुहेरी परिणामाच्या तत्त्वाकडे वळावे लागले : खटक्याच्या प्रसंगात एकट्याचा मृत्यू हा केवळ परिणाम आहे, पुलाच्या प्रसंगात त्याचे शरीर हे साधन आहे. हे स्पष्टीकरण इतके पटणारे आहे की अनेक वाचक इथेच थांबतात.

थॉमसन थांबल्या नाहीत. त्याच लेखात त्यांनी रुळाची रचना थोडीशी बदलली. बाजूचा रूळ दूर निघून न जाता वळसा घेऊन मागच्या बाजूने पुन्हा त्या पाच जणांपर्यंत येतो. त्या बाजूच्या रुळावर एक जाडजूड माणूस आहे. ट्रॉली वळवली तर ती त्याच्यावर आदळून थांबेल, आणि तो तिथे नसता तर ती फिरून येऊन पाच जणांना मागून चिरडेल. आता त्याचे शरीर ट्रॉली थांबवण्यासाठी आवश्यक झाले. दुहेरी परिणामाच्या तत्त्वानुसार हा प्रसंग पुलाच्या शेजारी बसायला हवा, कारण माणूस साधन म्हणून वापरला जात आहे. पण थॉमसन यांचे म्हणणे असे की, जो खटका आपण एरवी ओढला असता, तो केवळ पलीकडे रुळाचा एक तुकडा जास्त जोडला म्हणून ओढू नये, असे मानणे अवघड आहे. तो जास्तीचा तुकडा तर ट्रॉली कधी गाठणारही नाही. आणि वळशाच्या रुळावर खटका ओढणे चालत असेल, तर ‘माणसाला साधन म्हणून वापरू नये’ हे आपल्या नकाराचे खरे कारण असू शकत नाही.

आता ही तपासणी प्रत्यक्ष माणसांवर कशी झाली ते पाहा. मार्क हाउजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली आंतरजालावरून हजारो लोकांना चार प्रसंग विचारून मिळवलेले निष्कर्ष प्रसिद्ध केले. साध्या खटक्याच्या प्रसंगात सुमारे 85 टक्के लोकांनी कृती नैतिकदृष्ट्या चालण्याजोगी मानली, तर पुलावरून ढकलण्याच्या प्रसंगात सुमारे 12 टक्क्यांनी. हे दोन आकडे सगळीकडे उद्धृत होतात. मला मात्र उरलेले दोन प्रसंग जास्त मोलाचे वाटतात. त्या दोन्हींत बाजूचा रूळ वळसा घेऊन पाच जणांच्या अलीकडे मुख्य रुळाला पुन्हा मिळतो, दोन्हींत तोच खटका आहे, दोन्हींत एकच माणूस मरतो. पहिल्यात बाजूच्या रुळावर गाडीचा वेग कमी करू शकेल अशी एक जड वस्तू आहे, आणि ती जड वस्तू म्हणजेच एक माणूस आहे. दुसऱ्यात जड वस्तू खरोखरच वस्तू आहे, पण तिच्या पुढ्यात एक माणूस उभा आहे. पहिल्यात पाच जण वाचतात ते माणूस आडवा आल्यामुळे. दुसऱ्यात वाचतात ते वस्तू आडवी आल्यामुळे, आणि माणूस केवळ दुर्दैवाने मध्ये सापडतो. हात, खटका, अंतर, संख्या, मृत्यूची रीत, काहीही बदललेले नाही. बदलले आहे ते फक्त साधन आणि परिणाम यांचे नाते. पहिल्या प्रसंगाला सुमारे 56 टक्के लोकांनी मान्यता दिली, दुसऱ्याला सुमारे 72 टक्क्यांनी.

या दोन आकड्यांकडे जरा थांबून पाहावे. फरक आहे, म्हणजे साधन आणि परिणाम हा भेद लोकांच्या मनात काम करतो. तो केवळ तत्त्वज्ञांनी काढलेला कीस नाही. पण हा फरक 85 आणि 12 यांमधल्या दरीच्या मानाने फारच लहान आहे. म्हणजे पुलावर मन इतके जोराने मागे सरते त्याचे पूर्ण कारण ‘साधन म्हणून वापर’ हे नाही. तिथे आणखी काहीतरी भर घालत आहे. त्याच अभ्यासात हेही दिसले की, ज्यांनी दोन प्रसंगांना वेगळी उत्तरे दिली त्यांच्यापैकी बहुसंख्यांना त्या फरकाचे पुरेसे कारण देता आले नाही. आपल्यालाही कारण चटकन सांगता येत नसेल, तर त्यात आश्चर्य नाही. मनाचा कौल आधी येतो आणि कारण आपण मागाहून शोधतो.

ती भर कशाची, याचा शोध जोशुआ ग्रीन आणि सहकाऱ्यांनी 2009 च्या एका अभ्यासात घेतला. त्यांनी पुलाचाच प्रसंग घेऊन त्यातील एकेक गोष्ट सुटी केली. माणसाला हाताने ढकलण्याऐवजी दूरवरच्या खटक्याने त्याच्या पायाखालची झडप उघडली, तर मान्यता दुपटीच्या आसपास गेली. पण हाताने ढकलण्याऐवजी लांब काठीने ढकलले, तर ती जवळजवळ जिथल्या तिथे राहिली. म्हणजे अंगाला स्पर्श होतो की नाही याला महत्त्व नव्हते. स्वतःच्या स्नायूंचा जोर दुसऱ्याच्या शरीरावर पडतो की नाही, याला होते. त्याच अभ्यासात असेही आढळले की हा जोर आणि माणसाला साधन म्हणून वापरण्याचा हेतू, ही दोन्ही एकत्र आली की नकार तीव्र होतो.

इथपर्यंत प्रयोगाचे काम संपते आणि तत्त्वज्ञानाचे सुरू होते. स्नायूंच्या जोरामुळे कौल बदलतो हे प्रयोगाने दाखवले. स्नायूंच्या जोराला नैतिक वजन असावे की नाही, हे प्रयोग दाखवू शकत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते. मी स्वतःला असे विचारतो : कोणी मला विचारले की ‘त्या माणसाचा जीव गेला, तुमच्या कृतीचे समर्थन काय?’ आणि मी म्हणालो, ‘मी झडप उघडली, ढकलले नाही’, तर ते समर्थन ठरेल का? मला ते ठरत नाही असे वाटते. उलट ‘त्याचा जीव घेण्यावर माझी योजना अवलंबून नव्हती, तो तिथे नसता तरी मी हेच केले असते’ हे वाक्य खरे असेल, तर ते निदान समर्थनाची सुरुवात होऊ शकते. म्हणून जोराचा भेद मी बाजूला ठेवतो आणि साधनाचा भेद हातात ठेवतो.

पण साधनाच्या भेदाचा कस जिथे सर्वांत चांगला लागतो, तो वळशाचाच प्रसंग सर्वांत डळमळीत आहे, ही खरी अडचण आहे. मॅथ्यू लियाओ आणि सहकाऱ्यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वळशाचा प्रसंग काहींना साध्या खटक्याच्या प्रसंगानंतर दिला आणि काहींना ढकलण्याच्या प्रसंगानंतर. खटक्यानंतर वळसा पाहणाऱ्यांनी त्याला जास्त मान्यता दिली, ढकलण्यानंतर पाहणाऱ्यांनी कमी. म्हणजे थॉमसन यांनी ज्या कौलावर दुहेरी परिणामाचे तत्त्व मोडीत काढले, तो कौल आधी काय वाचले होते यावर हलतो. थॉमसन यांचा लेख वाचकाला वळशाकडे कोणत्या वाटेने नेतो, हेही लक्षात घ्यावे : खटका आधी मान्य करवून घेतलेला असतो, आणि मग फक्त ‘रुळाचा एक तुकडा’ जोडला जातो. मी तोच प्रसंग ‘पुलावरच्या माणसाऐवजी आता रुळावरच्या माणसाचे शरीर अडसर म्हणून वापरायचे आहे’ असा मांडला, तर वर्गातली हवा पालटते. प्रसंग तोच, आणि एकही शब्द खोटा नाही. सराईतांचीही यातून सुटका नाही. एरिक श्विट्झगेबेल आणि फायरी कुशमन यांनी 2012 मध्ये दाखवले की व्यावसायिक तत्त्वज्ञांचे कौलही क्रमानुसार हलतात, आणि दुहेरी परिणामाच्या तत्त्वाला नंतर त्यांनी दिलेला पाठिंबासुद्धा प्रसंग कोणत्या क्रमाने दाखवले यानुसार बदलतो.

म्हणून हे कोडे साधन म्हणून वापरताना मी काही पथ्ये पाळतो. एका विद्यार्थ्याला पहिल्या फेरीत एकच प्रसंग, तोही कागदावर, चर्चेआधी. निम्म्यांना एक क्रम, निम्म्यांना उलटा. प्रश्नाचे शब्द ठरलेले असतात, कारण ‘असे करणे चालेल का?’, ‘असे करणे कर्तव्य आहे का?’ आणि ‘तुम्ही कराल का?’ हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की आकड्यांना अर्थ उरत नाही. खटका ओढणे चालेल असे म्हणणारे अनेक जण, ते बंधनकारक आहे असे म्हणायला तयार नसतात. ‘पाच जण उडी मारून बाजूला का होत नाहीत?’ किंवा ‘एक माणूस एवढी मोठी ट्रॉली कशी थांबवेल?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तो टाळाटाळ समजून झटकून टाकू नये. पुलाच्या प्रसंगात अशी शंका जास्त येते, कारण माणसाच्या अंगाने ट्रॉली थांबेल यावर मन विश्वास ठेवत नाही. मग नकाराचा काही भाग नैतिक नसून ‘हे जमणारच नाही’ या अंदाजाचा असतो. वळशाच्या जोडीत ही शंका दोन्ही प्रसंगांत नेहमीच सारखी राहत नाही : जड वस्तूने गाडी मंदावेल हे पटते, माणसाने मंदावेल हे तितके पटत नाही. 56 आणि 72 यांमधल्या अंतराचा काही भाग या अविश्वासामुळेही असू शकतो.

तरीही वळशाचा प्रसंग निकामी आहे असे मी म्हणत नाही, कारण त्याने विचाराला नवे रस्ते दिले. फ्रान्सिस कॅम यांनी ‘अमुक घडावे म्हणून’ आणि ‘अमुक घडणार आहे म्हणून’ यांत भेद केला. पाच जणांवर समोरून येणारे संकट हे मूळ संकट. ट्रॉली वळवली की ते टळते, पण माझ्याच कृतीमुळे मागून येणारे दुसरे संकट उभे राहते. तो माणूस आदळेल आणि दुसरे संकट टळेल, हे मला ठाऊक आहे, म्हणूनच मी वळवतो. ते ठाऊक नसते तर वळवण्यात अर्थ नव्हता. पण तो आदळावा असा माझा हेतू आहे असे यातून निघत नाही. घरी पाहुणे बोलावताना पसारा होणार हे खटकते, पण ते आवरायला मदत करतील हे ठाऊक असल्याने आपण बोलावतो. म्हणून आवरून घेण्यासाठी बोलावले असे होत नाही. मला हे विश्लेषण थॉमसन यांच्या वळशाला लागू पडते असे वाटते. हाउजर यांच्या मांडणीला ते तितके लागू पडत नाही, कारण तिथे वळसा पाच जणांच्या अलीकडेच मुख्य रुळाला मिळतो. ट्रॉली वळवल्याने मूळ संकट टळतच नाही, फक्त लांबते, आणि ते टळते ते माणसाच्या शरीरानेच. रुळ कुठे मिळतो हा तपशील बहुतेक मांडण्यांत गाळला जातो, आणि तिथेच दोन वेगळे प्रसंग एकाच नावाखाली दडून बसतात.

कौल हलणे नेहमीच दोष असतो का, हेही पाहायला हवे. थॉमसन यांनी 2008 च्या लेखात आपले मत फिरवले आणि त्रयस्थाने खटका ओढू नये, असे म्हटले. त्यासाठी त्यांनी तिसरा पर्याय जोडला : ट्रॉली स्वतःच्या अंगावरही वळवता येते. पाच जणांसाठी स्वतःचा जीव देणे बंधनकारक नाही हे बहुतेक मान्य करतील. मग जी किंमत मी स्वतः मोजायला तयार नाही, ती दुसऱ्याकडून त्याला न विचारता वसूल करण्याचा मला काय अधिकार? ज्याला हा पर्याय उपलब्ध नाही, त्यानेही हेच ध्यानात घ्यावे, असा त्यांचा आग्रह आहे. इथेही नव्या प्रसंगाने जुना कौल हलवला, पण प्रसंगाचा क्रम बदलल्याने हलणे आणि असे हलणे यांत मोठा फरक आहे. क्रमाने हललेल्या माणसाला का हललो हे सांगता येत नाही, आणि सांगितले तर तो ओशाळतो. थॉमसन यांच्या तिसऱ्या पर्यायाने हललेला माणूस कारण देऊ शकतो, आणि ते कारण क्रम उलटा केला तरी टिकते. मला स्वतःला ते कारण पूर्ण पटलेले नाही, कारण बंधनकारक नसलेली गोष्ट करण्याची मुभा आणि संकट वळवण्याची मुभा एकाच मापाने मोजता येतील असे मला वाटत नाही. पण ते तोलून पाहावे असे कारण आहे, एवढे निश्चित.

बनावट प्रसंगांतून काय कळत नाही, तेही थोडक्यात सांगतो. माणूस प्रत्यक्षात काय करेल, हे त्यांतून कळत नाही. बेल्जियममधील संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी विद्यार्थ्यांपुढे खरे उंदीर ठेवले होते : बटण दाबले तर एका उंदराला विजेचा धक्का, न दाबले तर पाच उंदरांना. प्रत्यक्षात धक्का कोणालाच दिला गेला नाही, पण सहभागींना ते ठाऊक नव्हते. खरोखर बटण दाबणारे 84 टक्के निघाले, तर तोच प्रसंग फक्त कल्पून ‘दाबेन’ म्हणणारे 66 टक्के. आणि कागदावरच्या नेहमीच्या कोड्यांना दिलेल्या उत्तरांवरून कोण बटण दाबेल याचा अंदाज बांधता आला नाही. तसेच, पुलावरून ढकलायला तयार असलेला माणूस सर्वांच्या हिताचा निःपक्षपाती विचार करणारा असतो, असेही समजू नये. गाय कहाने आणि सहकाऱ्यांच्या 2015 च्या अभ्यासात अशा उत्तरांचा परक्यांविषयीच्या व्यापक आस्थेशी मेळ बसला नाही. दुसरीकडे, 42 देशांतील 70,000 सहभागींच्या उत्तरांवर आधारित 2020 च्या अभ्यासात मान्यतेचे प्रमाण देशोदेशी बरेच बदलले, पण उतरता क्रम सगळीकडे तोच राहिला : खटका, मग वळसा, मग पूल. म्हणजे टक्केवारीवर फार विसंबू नये, क्रमावर मात्र बऱ्यापैकी विसंबता येते.

आता आपल्या उत्तरांकडे येतो. खटका आणि पूल यांमधल्या आपल्या फरकाचा काही भाग स्नायूंच्या जोरातून आणि ‘हे जमणार नाही’ या शंकेतून आलेला असण्याची शक्यता आहे, आणि तो भाग सोडून द्यावा. तो सुटा करण्यासाठी पुलाच्या जागी झडप ठेवून पाहा, आणि झडपेने ट्रॉली नक्की थांबते असे गृहीत धरा. तरीही नकार उरत असेल, तर तो माणूस साधन म्हणून वापरला जाण्याविषयीचा असेल, किंवा ज्याला संकट शिवतही नव्हते त्याला संकटात ओढण्याविषयीचा असेल. या दोहोंपैकी कोणता, हे वळशाच्या दोन्ही मांडण्या, आधी थॉमसन यांची आणि काही दिवसांनी हाउजर यांची, वेगवेगळ्या बैठकीत स्वतःला विचारून पाहा, आणि उत्तरे लिहून ठेवा. वळशाला होकार आणि झडपेला नकार आला, तर आपला खरा आक्षेप साधनाला नसून नव्या माणसाला संकटात ओढण्याला आहे. दोन्हींना नकार आला, तर साधनाचा भेद आपण मनापासून मानता, आणि मग तो न्यायाधीशाच्या प्रसंगातही, जिथे ना रूळ आहे ना खटका, आपल्याला तितक्याच ठामपणे टिकवता यायला हवा.